पुनश्च

रुदैनाचे वडील एका कानाने बहिरे होते आणि दुसऱ्याने जेमतेम ऐकायचे. लहानपणापासून घरात आलेल्या पाहुण्याचं बोलणं त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगायचं काम तिच्याकडे. तिने जरा कुठे आपल्या मनाने वाक्य नीटनेटकं केलं, की ते हात वर करायचे. "तो काय म्हणाला ते सांग. तुला काय वाटलं ते मी तुला वेगळं विचारीन." त्यामुळे कायद्याची पदवी घेऊन ती इर्बिद शहरात उस्ताजा हैफांच्या ऑफिसात शिकाऊ वकील म्हणून लागली, तेव्हा बोलण्यात ती सगळ्यांच्या मागे होती, पण ऐकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

वकिलाला तिथे सगळे उस्ताज म्हणतात, बाई असली तर उस्ताजा. रुदैनाला अजून कोणी उस्ताजा म्हणत नव्हतं. कोर्टात उभं राहून बोलायची परवानगी तिला नव्हती. तिने मागच्या बाकावर बसायचं, सुनावणीत काय झालं ते लिहून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा एका पानाचा गोषवारा उस्ताजा हैफांच्या टेबलावर ठेवायचा. दावा कोणाचा कोणावर, वाद कशाचा, आज कोण काय म्हणालं, त्यातून काय सिद्ध झालं, काय राहिलं, पुढची तारीख कशासाठी. पहिल्या आठवड्यात हैफांनी तिचे गोषवारे लाल पेनाने रंगवून परत दिले होते. "कादंबरी नको मला. आणि 'साक्षीदार घाबरलेला दिसत होता' हे कुठून आणलंस? घाम पुसला असेल तर घाम पुसला असं लिही. घाबरला की उकडत होतं, ते मी ठरवीन."

जमालाचा खटला रुदैनाने पहिल्या तारखेपासून ऐकला होता. जमाला एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. सुट्टीच्या शुक्रवारीही कामावर या म्हणून फोरमन मागे लागला, तिने नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ऐन पाळीत तिला हाकलून दिलं, असं तिचं म्हणणं. कारखान्याचं म्हणणं, आम्ही काढलंच नाही, बाई आपणहून काम सोडून गेली. सगळं एवढ्यावरच अडलं होतं. काढल्याचं कागदावर काही नाही. तेव्हा काढलं हे जमालाने साक्षीदार आणून दाखवायचं.

साक्षीदारांच्या तारखेला हैफा वरच्या मजल्यावर दुसऱ्या खटल्यात अडकल्या. त्यांनी ऐन वेळी उस्ताज वहीब नावाच्या ओळखीच्या वकिलाला आपल्या जागी उभं केलं. वहीब वकिलीचा काळा झगा खांद्यावर टाकत आले आणि जिन्यावरच फाईल चाळू लागले.

"आपण बाईच्या बाजूने ना?" त्यांनी रुदैनाला विचारलं.

"हो, उस्ताज."

"बरं झालं विचारलं."

पहिली साक्षीदार सबाह, जमालाच्या शेजारच्या मशीनवर बसणारी. शपथ घेऊन ती उभी राहिली आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. "फोरमन आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, पिशवी उचल आणि पुन्हा दारात दिसू नकोस. तुझ्यासारख्या छप्पन मिळतात म्हणाला. आम्ही सगळ्या खाली माना घालून बसलो, खोटं कशाला बोलू."

न्यायाधीशांनी हात वर करून तिला थांबवलं आणि शेजारच्या लेखनिकाला मजकूर सांगितला. लेखनिक टाइप करत होता. "फोरमनने वादीस सर्वांसमक्ष कामावर पुनश्च हजर न होण्याविषयी बजावले." कोर्टाच्या दफ्तरात जातं ते हेच. साक्षीदार घरच्या भाषेत बोलतो, न्यायाधीश त्याचं सार दरबारी भाषेत उतरवून घेतात.

रुदैना पानाच्या मधोमध रेघ मारून लिहायची. उजवीकडे तोंडचं, डावीकडे न्यायाधीशांनी सांगितलेलं. तिने दोन्ही लिहिलं.

कारखान्याचे वकील उस्ताज फव्वाज उलटतपासणीला उठले, तेव्हा वहीबांनी मागे वळून तिला खूण केली. "दुसरा साक्षीदार आलाय का बघ जा. बसचा ड्रायव्हर आहे ना कोणी?"

साक्षीदाराने बाहेर थांबायचं असतं. आधीच्याची साक्ष त्याच्या कानावर पडू नये म्हणून. रुदैना दार ढकलून बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर अबू हुसाम उभा होता. आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून, तोंड त्याच्या कानाशी नेऊन कोणीतरी बोलत होतं. जमालाचा भाऊ मुअय्यद. आत्ता काही वेळापूर्वी तो आत शेवटच्या बाकावर बसला होता. त्याची जागा रिकामी झालेली तिच्या लक्षातही आली नव्हती.

तिला पाहताच मुअय्यदने हात काढला. ड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघू लागला.

"अबू हुसाम तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"मीच."

"आता बोलावतील."

एवढंच बोलून ती आत आली. वहीबांना काही सांगावं का, हे तिला कळेना. सांगायचं तरी काय? दोन माणसं खिडकीपाशी बोलत होती.

अबू हुसाम साक्षीला उभा राहिला. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, आवाज इंजिनावर मात करायची सवय झालेला. नाव काय, काम काय, याची उत्तरं त्याने आपल्या ठेक्यात दिली. "गाडी मारतो, साहेब. पोरींना सकाळी आणतो, संध्याकाळी सोडतो. अठरा साल झाली, एक ओरखडा नाही गाडीला." मागच्या बाकांवर कोणी हसलं.

मग वहीबांनी विचारलं, त्या दिवशी काय ऐकलंत?

ड्रायव्हरने घसा साफ केला. समोरच्या भिंतीकडे बघत, शाळेतला पोरगा कविता म्हणतो तसा तो म्हणाला, "फोरमनने जमालाला सर्वांसमक्ष कामावर पुनश्च हजर न होण्याविषयी बजावलं."

रुदैनाचं पेन थांबलं. एरवी तिला दोन्ही बाजूंना वेगवेगळं लिहावं लागायचं. आता दोन्हीकडे तेच वाक्य येणार होतं. सबाहने 'पुनश्च' म्हटलं नव्हतं. 'पुनश्च' या खोलीत एकाच माणसाने म्हटलं होतं, आणि तेव्हा ड्रायव्हर बाहेर होता.

तिने वर पाहिलं. न्यायाधीशांनी क्षणभर ड्रायव्हरकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि वाक्य लेखनिकाला सांगितलं. फव्वाज दुसऱ्या खटल्याच्या कागदात डोकं घालून बसले होते. त्यांनी उठून दोन विचारायचे म्हणून प्रश्न विचारले, गाडी कुठे उभी होती, किती लांब, आणि बसले. साक्ष संपली. पुढची तारीख कारखान्याच्या साक्षीदारांसाठी पडली.

"झकास," वहीब बाहेर येऊन झगा काढत म्हणाले. "दोन साक्षीदार, एकच गोष्ट. हैफाला सांग, माझी मेजवानी पक्की."

रुदैनाने व्हरांड्यात जे पाहिलं ते त्यांना सांगितलं. वहीबांचा चेहरा उतरला नाही, फक्त आवाज उतरला.

"तू ऐकलंस काय बोलत होते ते?"

"नाही."

"मग झालं तर. अगं, एका पानाचा गोषवारा असतो. त्यात व्हरांडा कशाला कोंबतेस?"

खाली अंगणातल्या चहाच्या टपरीपाशी मुअय्यद तिची वाटच बघत होता. त्याच्या हातात मर्यमियाचा सुगंधी पाला घातलेल्या चहाचे दोन पेले होते. एक त्याने तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"उस्ताजा, रागावलात?" तो म्हणाला. कोर्टात तिला पहिल्यांदाच कोणी उस्ताजा म्हणत होतं. "मी त्याला धीर देत होतो. माणूस कधी कोर्टाची पायरी चढलेला नाही."

"धीर देताना शब्दही दिलेत का?"

त्याचा सूर बदलला. "तिला हाकललं हे खोटं आहे का? तुम्हीच सांगा. ती काम सोडून आलीय असं वाटतं तुम्हाला? दोन पोरं आहेत तिची. नवरा सौदीला गेला तो गेलाच. कारखान्याकडे फव्वाजसारखा वकील आहे, आमच्याकडे कोण आहे? एक ड्रायव्हर."

"तुमच्याकडे सबाह आहे."

"सबाह तिच्या शेजारच्या मशीनवरची. उद्या तो वकील म्हणेल मैत्रिणीसाठी बोलली." त्याने पेला टपरीच्या फळीवर ठेवला. "हे बघा. तुम्ही अजून वकीलही नाही. तुम्हाला कोणी विचारणार नाही, काय पाहिलं म्हणून. लिहिलंत तर माझ्या बहिणीचं वाटोळं तुमच्या हाताने होईल. मग झोपा निवांत."

ऑफिसात आल्यावर तिने पान पुढ्यात घेतलं. दावा कोणाचा, वाद कशाचा, हे सराईतपणे झालं. सबाहची साक्ष झाली. ड्रायव्हरच्या साक्षीपाशी आल्यावर तिने दोनदा कागद फाडला. पहिल्यांदा तिने लिहिलं, 'साक्षीदाराला पढवलेलं आहे.' हे तिला वाटलं होतं, तिने पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा व्हरांडा गाळूनच टाकला. पान छान दिसत होतं, जिंकलेल्या खटल्याचं पान. ते तिने हातात धरून दोनदा वाचलं, आणि जमालाची मुलं आठवून तिला वाटलं, हेच ठेवावं. पण हैफा तिथे नव्हत्या. हैफांना या पानावरूनच कळणार होतं की आज काय झालं. जे पानावर नसेल ते त्यांच्यापुरतं घडलंच नसेल, आणि त्या तशाच उभ्या राहून शेवटचा युक्तिवाद करतील. तेही पान फाडून तिने आईच्या आजारपणाचं निमित्त करून घरी जायचं ठरवलं, आणि पुन्हा बसली.

शेवटी तिने लिहिलं: 'पहिल्या साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना वादीचा भाऊ न्यायालयाबाहेर दुसऱ्या साक्षीदाराच्या कानाशी बोलत होता, हे मी पाहिले. बोलणे ऐकले नाही. दुसऱ्या साक्षीदाराचे वाक्य पहिल्या साक्षीदाराच्या तोंडच्या वाक्याशी जुळत नाही, न्यायाधीशांनी सांगितलेल्या वाक्याशी वादीचे नाव सोडता शब्दशः जुळते. दोन्ही वाक्ये खाली दिली आहेत.'

दुसऱ्या दिवशी हैफांनी पान वाचलं. त्या उंच, शिडशिडीत, सतत गार झालेली कॉफी पिणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पान पालथं ठेवलं.

"ऐकलं नाहीस, नक्की?"

"नक्की."

"वहीब काय म्हणाला?"

"पानात जागा नाही म्हणाले."

हैफा हसल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि जमालाला, तिच्या भावाला आणि ड्रायव्हरला संध्याकाळी बोलावलं.

जमालाला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिचा चेहरा बघून कोणीही सांगितलं असतं. ती भावाकडे वळली. "तू माझ्या खऱ्याला खोटं चिकटवलंस? मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"जमाला, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी तू गप्प बसायचंस. तेवढंही झालं नाही तुझ्याने."

हैफांनी अबू हुसामला विचारलं, "आता तुमच्या तोंडचं सांगा. कोर्टाची भाषा इथे नको."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी फोरमनला ऐकलं नाही, उस्ताजा. मी गाडीत होतो. फाटकापाशी. ही बाहेर आली, पाळी संपायच्या कितीतरी आधी. मागे पहारेकरी. त्याने हिच्या गळ्यातला फाटकाचा बिल्ला काढून घेतला. ही त्याला म्हणत होती, अरे निदान माझा डबा आत राहिलाय तो तरी आणू दे. त्याने आणू दिला नाही. मग ही माझ्या गाडीत येऊन बसली आणि रडत राहिली. एवढंच मी पाहिलं. मुअय्यद म्हणाला, एवढ्याने काय होणार, शब्द पाहिजेत."

"एवढ्याने काय होईल ते मी बघते," हैफा म्हणाल्या. "पण तुम्ही शपथेवर खोटं बोललात. निकाल लागायच्या आत स्वतःहून परत जाऊन खरं सांगितलंत, तर कायदा शिक्षा माफ करतो. नंतर नाही."

"आणि कारखान्याचं गाडीचं काम?"

"त्याची हमी मी देऊ शकत नाही."

ड्रायव्हर उठून गेला. जमालाने हैफांना विचारलं, "त्याला परत बोलावलं नाही तर?"

"तर मी तुझं वकीलपत्र सोडेन. ती साक्ष हातात घेऊन मी युक्तिवाद करणार नाही."

जमालाने मान हलवली, आणि मग तिची नजर कोपऱ्यात बसलेल्या रुदैनावर गेली. त्या नजरेत आभार नव्हते.

पुढच्या तारखेपर्यंत ड्रायव्हरचा काही निरोप आला नाही. हैफांनी साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज तयार करून ठेवला होता. खटल्याचा पुकारा झाला तरी अबू हुसामचा पत्ता नव्हता. हैफा उभ्या राहिल्या, अर्ज दिला, कारण सांगितलं. व्हरांड्यातलं कोणी पाहिलं, कसं पाहिलं, हे त्यांनी 'माझ्या ऑफिसच्या लक्षात आलं' एवढ्यात आटोपलं.

फव्वाज उसळून उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "सीदी, वादीचे वकीलच कबूल करताहेत की साक्षीदार पढवलेला होता. मग सगळाच दावा रचलेला आहे. तो फेटाळावा."

"साक्षीदार कुठे आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

हैफांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. न्यायाधीशांनी थोडं थांबायचं ठरवलं आणि दुसरा खटला पुकारायला सांगितला. तो चालू असताना रुदैनाला त्यातलं एक अक्षर लिहिता आलं नाही. मग दार उघडलं आणि अबू हुसाम आत आला, अंगात इस्त्रीचा सदरा, गालावर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा.

न्यायाधीशांनी त्याला पुन्हा शपथ दिली. "मागच्या वेळी तू सांगितलंस ते खरं होतं?"

"नाही, सीदी."

"कोणी सांगितलं होतं तसं बोलायला?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "तिच्या भावाने. पण बोललो मी. चूक माझी."

मग त्याने बिल्ल्याची, डब्याची, गाडीत येऊन रडल्याची गोष्ट सांगितली. आपल्याच भाषेत, मध्येच गाडीचा गिअर कसा अडकत होता तेही. फव्वाजनी त्याला सोलून काढलं. आज खरं की त्या दिवशी खरं? आज किती दिले? उद्या तिसरं काही सांगणार का? तो लाल होत गेला, पण वाक्य हललं नाही. "बिल्ला काढून घेतला, साहेब. डबा आणू दिला नाही. मला फाशी द्या, पण हे असंच आहे."

त्यानंतर कारखान्याच्या बाजूने फोरमन आला. त्याने सांगितलं, बाई पाळी संपवून आपणहून गेली, पुन्हा आलीच नाही. हैफांनी शांतपणे विचारलं, "कामगार घरी जाताना बिल्ला फाटकावर देऊन जातात का?"

"नाही. त्यांच्याजवळच असतो. त्याशिवाय सकाळी आत कसे येतील?"

"मग जमालाचा बिल्ला कुठे आहे?"

"आमच्याकडे."

"कसा आला?"

फोरमनने फव्वाजकडे पाहिलं. फव्वाज कागदाकडे बघत होते. "तिने टाकला असेल," तो म्हणाला.

"ती आलीच नाही, तेव्हा कायद्याने द्यावी लागते ती गैरहजेरीची सूचना वर्तमानपत्रात दिलीत?"

"नाही."

न्यायाधीशांनी प्रत्येक उत्तर लेखनिकाला सांगितलं. रुदैना दोन्ही बाजूंना लिहीत होती.

निकाल आणखी दोन तारखांनी लागला. ड्रायव्हरची पहिली साक्ष न्यायालयाने बाजूला काढली, दुसरी सावधपणे घेतली, सबाहवर विश्वास ठेवला, आणि बिल्ल्याला फोरमनच्याच तोंडून दुजोरा मिळाल्याचं नोंदवलं. जमालाला कारणाशिवाय काढलं हे मान्य झालं. तिने जादा कामाचं जे मागितलं होतं ते पुराव्याअभावी नाकारलं गेलं. कारखाना अपिलात जाणार, हे फव्वाजनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

अबू हुसामचं कारखान्याचं काम त्याच्या दुसऱ्या साक्षीनंतरच्या आठवड्यातच गेलं होतं. तो आता शहरात एका शाळेची गाडी चालवतो, पगार कमी. मुअय्यद निकालाच्या दिवशी आला नाही. बहीण त्याच्याशी बोलत नव्हती.

अंगणात जमाला रुदैनाजवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात निकालाची प्रत नव्हती, ती मिळायला अजून वेळ होता. तिने नुसतेच हात एकमेकांत धरले होते, थंडी वाजल्यासारखे.

"एक विचारू? मी हरणार हे ठाऊक असतं तरी लिहिलं असतंस?"

"आज हो म्हणणं सोपं आहे," रुदैना म्हणाली. "त्या दिवशी मी एक पान, पाहिलेलं गाळूनही, लिहिलं होतं. मग फाडलं."

"का फाडलंस?"

"उस्ताजा तिथे नव्हत्या. त्यांना माझ्याशिवाय कोण सांगणार होतं?"

जमालाने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्यामुळे दोन महिने मला झोप नाही. हे तुला कळावं म्हणून सांगते."

"कळलं."

"बरं," जमाला म्हणाली, आणि पोरांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून फाटकाकडे झपझप चालू लागली.